दोन टाक्या, एक पंप आणि मिठाचं पाणी : कामाच्या नोंदी

कॉलेजात बीएस्सीच्या पोरांना डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवतो. त्यात दोन टाक्यांचं गणित दरवर्षी येतं, एका टाकीतनं दुसरीत मिठाचं पाणी, दुसरीतनं परत पहिलीत, आणि शेवटी विचारतात की बऱ्याच वेळानंतर प्रत्येक टाकीत किती मीठ असेल. यंदा ठरवलं की फळ्यावर न करता खरंच टाक्या लावायच्या. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी नोंदी ठेवतोय.

६ जानेवारी

सामान. एक १० लिटरची आणि एक २० लिटरची पारदर्शक प्लास्टिकची टाकी, डीसीवर चालणारा पाण्यात बुडवायचा छोटा पंप, नळ्या, टीडीएस पेन, मोजपात्र. पेन अडीचशेच्या आसपास मिळालं, पंप त्याहून स्वस्त. टाक्या लॅबमध्ये पडूनच होत्या.

पहिला प्रश्न मिठाचा नाही, पातळीचा आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की दोन्हीकडून मिनिटाला अर्धा लिटर जातो. दोन पंप लावले तर दोघांचा अर्धा लिटर कधीच सारखा नसतो, पाच टक्क्यांचा फरक म्हणजे मिनिटाला २५ मिली, म्हणजे तासात दीड लिटर एका टाकीतनं कमी आणि दुसरीत जास्त. म्हणून दोन पंपांचा नाद सोडायचा. पंप एकच, खालच्या टाकीतनं वरच्या टाकीत. वरची टाकी स्टुलावर, तिला १० लिटरच्या खुणेवर भोक पाडून ओव्हरफ्लोची नळी, ती खालच्या टाकीत सोडलेली. पंप जेवढं वर टाकेल तेवढंच खाली सांडणार, जुळवाजुळव आपोआप. वरची ती टाकी १, खालची टाकी २.

ओव्हरफ्लोची नळी बारीक असेल तर पाणी गटागटा येतं, थोडा वेळ काहीच नाही आणि मग एकदम धार. सायफन लागतो तो. नळी पंपापेक्षा बरीच जाड घ्या आणि टाकीबाहेर पडल्या पडल्या तिला वरून हवेसाठी एक भोक पाडा, धार सरळ होते.

८ जानेवारी

पेनचं कॅलिब्रेशन. हे टाळू नका, सगळी आकडेमोड यावर उभी आहे.

टीडीएस पेन मीठ मोजत नाही, पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजतं आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणून पीपीएम दाखवतं. आमचं पेन लिटरला १ ग्रॅम मिठाला जवळपास १००० दाखवतं, म्हणजे मस्तच. पण लिटरला ६ ग्रॅमला ६००० येत नाही, साडेपाच हजाराच्या जरा खालीच अडकतं. पेन खराब नाही. मीठ वाढलं की आयन एकमेकांना अडवतात, त्यामुळे वीज त्या प्रमाणात वाढत नाही. हे लक्षात न घेता सरळ हजाराने भागलं तर खारट टाकीत आठ-नऊ टक्के मीठ "गायब" होतं आणि मग माणूस गळती शोधत बसतो.

म्हणून १, २, ३, ४, ५, ६ ग्रॅम प्रति लिटरची द्रावणं करून प्रत्येकाचं रीडिंग घेतलं, आलेख काढून भिंतीवर चिकटवला. आमच्या नळाच्या पाण्याचंच रीडिंग १८० आहे, ते आधी वजा करायचं. मीठ पाकिटातलं बारीक घ्या. जाडं मीठ ओल धरतं, वजनात पाणीच जास्त भरतं. आणि सगळं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा म्हणजे तापमान सारखं राहतं, एका डिग्रीला साधारण दोन टक्के फरक पडतो, पेनमध्ये भरपाई असते पण तिच्यावर फार भरवसा नको.

९ जानेवारी

बंद सिस्टीम. बाहेरून काही येत नाही, बाहेर काही जात नाही. टाकी १ मध्ये १० लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ, टाकी २ मध्ये २० लिटर साधं पाणी. पंप मिनिटाला ०.५ लिटर.

दहाव्या मिनिटाला टाकी १ मध्ये लिटरला ३.९ ग्रॅम, टाकी २ मध्ये फक्त ०.३. गणिताप्रमाणे दुसरीत १.०५ हवं होतं. पहिली बरोबर, दुसरी साफ चूक, आता काय बोलायचं.

इथे एक हिशेब कामाला येतो तो असा की बंद सिस्टीममध्ये मीठ कुठे जाऊ शकत नाही, म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही टाक्यांची (ग्रॅम प्रति लिटर × लिटर) बेरीज ६० यायलाच हवी. इथे ३९ अधिक ६, म्हणजे ४५. पंधरा ग्रॅम मीठ पेनला दिसत नाहीये. पेन दुसऱ्या टाकीच्या तळाशी नेलं तर आकडा एकदम दोनच्या वर. खारं पाणी जड, ओव्हरफ्लोमधून येऊन सरळ तळाशी जाऊन बसलं होतं आणि मी वरचं पाणी मोजत होतो. लिटरला सहा ग्रॅम म्हणजे वजनात अर्धा टक्कासुद्धा फरक नाही, पण थर पडायला तेवढा पुरतो.

समीकरणात "टाकी नीट ढवळलेली आहे" हे एक वाक्य असतं, सगळे वाचून पुढे जातात. ते वाक्य म्हणजे फिश टँकचा एअर पंप आणि प्रत्येक टाकीच्या तळाशी एक एअर स्टोन. लावला, वर-खाली-मध्ये तिन्ही ठिकाणी एकच आकडा यायला लागला.

१० जानेवारी

एअर स्टोन लावून परत. अर्ध्या तासाला टाकी १ मध्ये २.५, टाकी २ मध्ये १.८. गणित म्हणतं २.४२ आणि १.७९. तासाभराने दोन्हीकडे पेनला फरक सांगता येईना, दोन्ही २. साठ ग्रॅम, तीस लिटर, दोन. यात नवल काहीच नाही.

मग पंप अर्ध्यावर आणला, मिनिटाला ०.२५ लिटर. वेळ दुप्पट लागला, शेवटचा आकडा तोच, २. पंप किती जोरात फिरतो यावर शेवट ठरत नाही, किती मीठ आणि किती पाणी यावरच ठरतो. दोन टाक्यांमधला फरक मात्र ठरलेल्या दराने घटतो, p/V1 + p/V2 (p पंपाची धार, V1 आणि V2 टाक्यांचे लिटर), म्हणजे ०.५ लिटरला मिनिटाला ०.०७५, फरक निम्मा व्हायला नऊ-सव्वानऊ मिनिटं. तपासायचं असेल तर फरकाचा लॉग घेऊन वेळेसमोर मांडा. रेघ सरळ आली तर ढवळणं ठीक, वाकली तर एअर स्टोन बघा.

१३ जानेवारी

आता खुली सिस्टीम, खरी मजा इथे आहे. टाकी १ मध्ये बाहेरून मिनिटाला ०.२ लिटर खारं पाणी, लिटरला ६ ग्रॅमचं. टाकी २ मध्ये मिनिटाला ०.१ लिटर साधं पाणी. पंप २ मधून १ मध्ये मिनिटाला ०.२. टाकी १ चा ओव्हरफ्लो टाकी २ मध्ये, तो आपोआप ०.४ होतो. टाकी २ लाही आता २० लिटरवर ओव्हरफ्लो, तो बाहेर बादलीत, ०.३.

आधी कागदावर. मॅट्रिक्स न लावताही निघतं. सगळं स्थिरावल्यावर जेवढं मीठ येतं तेवढंच जातं. येतं मिनिटाला १.२ ग्रॅम, आणि बाहेर जायची वाट एकच, टाकी २ चा ओव्हरफ्लो, ०.३ लिटर. १.२ भागिले ०.३, टाकी २ मध्ये ४. आता टाकी १ एकटी बघा. तिच्यात बाहेरून १.२ ग्रॅम आणि पंपाकडून ०.२ × ४ = ०.८, मिळून २ ग्रॅम, आणि जातंय ०.४ लिटर, म्हणजे ५. पाच आणि चार.

मॅट्रिक्स लागतं ते किती वेळ लागेल हे बघायला. खाली f म्हणजे खाऱ्या पाण्याची धार, g साध्या पाण्याची, p पंपाची, आणि cin म्हणजे येणाऱ्या खाऱ्या पाण्यात लिटरला किती ग्रॅम मीठ.

```python
import numpy as np
f, g, p, cin = 0.2, 0.1, 0.2, 6
V1, V2 = 10, 20
A = np.array([[-(f+p)/V1,  p/V1],
              [ (f+p)/V2, -(p+f+g)/V2]])
b = np.array([f*cin/V1, 0])
print(np.linalg.solve(A, -b))   # 5, 4
print(np.linalg.eigvals(A))     # -0.0539, -0.0111
```

दोन आयगेनव्हॅल्यू, दोन्ही ऋण, म्हणजे सुरुवात कुठूनही केली तरी गाडी ५ आणि ४ वरच येणार. पण हळू वाली ०.०१११ आहे, तिचा उलटा केला की ९० मिनिटं. शेवटाच्या दोन टक्क्यांत पोचायला त्याच्या चौपट, सहा तास.

जाता जाता, बंद सिस्टीमसाठी याच कोडमध्ये f, g शून्य आणि p ०.५ टाकलं तर `LinAlgError: Singular matrix` येतं. एका पोराला वाटलं टायपिंग चुकलं. चुकलं नव्हतं. बंद सिस्टीममध्ये एक आयगेनव्हॅल्यू शून्य असते, २-२ हेही उत्तर बसतं आणि ७-७ हेही, कुठलं खरं ते सुरुवातीला किती मीठ टाकलं त्यावर, आणि ते या मॅट्रिक्सला माहीतच नाही. तिथे उत्तर बेरजेवरून काढायचं, solve वरून नाही.

१६ जानेवारी

सहा तासांचा प्रयोग केला आणि वाया गेला. का ते सांगतो.

सहा तासांत खारं पाणी लागतं ७२ लिटर. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचे असतात तसले २० लिटरचे जार. साध्या बादलीला तोटी लावून चालत नाही, पातळी उतरते तशी धार मंदावते. म्हणून जारचं तोंड बुचाने घट्ट बंद केलं, बुचातून एक हवेची नळी जवळपास तळापर्यंत, आणि खाली तोटी. हवा त्या नळीतूनच आत येते त्यामुळे धार पाण्याच्या पातळीवर नाही तर हवेच्या नळीचं खालचं टोक तोटीच्या किती वर आहे त्यावर ठरते, आणि ते हलत नाही. ही मॅरिअटची बाटली. भारी चालते, पण पाणी नळीच्या टोकापर्यंत उतरलं की खेळ खलास, जारमागे सतरा-एक लिटर वापरता येतात. ७२ लिटर म्हणजे चार-पाच वेळा जार भरणं, प्रत्येक वेळी बूच उघडणं, धार तुटणं, परत मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन ०.२ जुळवणं. दर वेळी नवीन द्रावण, तेही बरोबर ६ चं. चौथ्या तासाला टाकी १ मध्ये ४.५ होतं (हवं ४.७६), टाकी २ मध्ये ३.४ (हवं ३.६५), आणि यातलं किती जार बदलण्याच्या गोंधळामुळे आणि किती पंपामुळे हे वेगळं काढणं अशक्य. लॅबचे मामा पाच वाजता कुलूप घेऊन उभे.

१७ जानेवारी

पोरांशी बोलत होतो. मी म्हणत होतो अजून दोन जार आणू. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "सर, तुम्ही काल फळ्यावर पाच-चार काढलंत त्यात टाकी किती लिटरची ते आलंच नाही. मग लहान बरण्या घ्या की."

बरोबर आहे. परत बघा, १.२ भागिले ०.३, त्यात १० नाही आणि २० नाही. बंद सिस्टीममध्ये शेवट ठरवतात टाक्यांचे लिटर आणि पहिलं मीठ, पंपाला विचारत नाही कोणी. खुल्या सिस्टीममध्ये नेमकं उलटं, शेवट ठरवतात धारा, आणि लिटर फक्त वेळ ठरवतात. दोन्ही टाक्या पाच पट लहान केल्या तर मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा पाच पट होतो, आयगेनव्हॅल्यूही पाच पट, ९० मिनिटांची होतात १८. सहा तासांचं काम ७२ मिनिटांत, ७२ लिटरऐवजी साडेचौदा लिटर. एका जारमध्ये बसतं!

सगळी धडपड मोठ्या टाक्या दिसायला छान म्हणून.

२० जानेवारी

स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या बरण्या, २ लिटरला आणि ४ लिटरला ओव्हरफ्लोचं भोक. लहान भांड्यात दोन गोष्टी जपाव्या लागतात. नळ्या आखूड ठेवा, आठ मिलिमीटर आतल्या मापाच्या एक मीटर नळीत ५० मिली पाणी असतं, २० लिटरमध्ये ते नगण्य, २ लिटरमध्ये अडीच टक्के. आणि येणारी धार ओव्हरफ्लोच्या भोकासमोर पाडू नका, नाहीतर ती न मिसळताच निघून जाते.

पंपही बदलला. बुडवायचा पंप नळी चिमटून ०.२ वर आणला तर अर्ध्या तासात ०.१७ होतो. १२ व्होल्टचे दोन पेरिस्टाल्टिक पंप, प्रत्येकी मिनिटाला १०० मिली, जोडीने लावले. या सगळ्यात महाग हेच, एकेक पाचशेच्या वर. नवी सिलिकॉन नळी पहिला अर्धा तास बसायला घेते, तेवढा वेळ साध्या पाण्यावर फिरवून मग धार मोजा.

२२ जानेवारी

सव्वा तास चालवलं. टाकी १ मध्ये ४.९, टाकी २ मध्ये ३.८, आणि तिथेच थांबलं. पुढे पंधरा मिनिटं हललं नाही, म्हणजे अजून पोचायचंय असं नाही, पोचलंय पण चुकीच्या जागी.

हे बघून कुठली धार बिघडली ते सांगता येतं का? येतं. टाकी २ चा शेवट म्हणजे f × ६ भागिले (f + g), त्यात पंप नाहीच. म्हणजे पंप निर्दोष, जे काय आहे ते f किंवा g मध्ये. f मोजला, ०.२ बरोबर. g मोजला, ०.११५. साध्या पाण्याच्या नळीवर सलाइनच्या सेटची चाकी लावली होती, ती हळूहळू सैल होते. १.२ भागिले ०.३१५ करून बघा, ३.८१. टाकी १ साठी १.२ अधिक ०.२ × ३.८१, भागिले ०.४, ४.९. दोन्ही आकडे जिथल्या तिथे बसले.

चाकी काढून टाकली, साध्या पाण्यालाही मॅरिअटचा जार, आणि धार कमी-जास्त करायची ती फक्त हवेची नळी वर-खाली करून.

२४ जानेवारी

४.९५ आणि ४.०. झालं.

मग मुद्दाम उलट्या बाजूने, दोन्ही बरण्यांत आधीच लिटरला ८ ग्रॅम घालून सुरू केलं. वरून खाली येऊन परत तेच, ५ आणि ४ च्या आसपास. सुरुवातीचं मीठ सिस्टीम विसरून जाते, बंद सिस्टीम कधीच विसरत नाही.

२७ जानेवारी

पोरांसमोर चालवलं. ५ आणि ४ वर येऊन स्थिर झालं आणि लाइट गेली.

पंप बंद, एअर स्टोन बंद. पण दोन्ही जार गुरुत्वावर चालतात त्यांना लाइटशी देणंघेणं नाही, खारं ०.२ आणि साधं ०.१ येतच राहिलं. (खाऱ्याचा दुसरा जार कालवून Y जोडाने तयार ठेवला होता, नाहीतर इथेच संपलं असतं.) दोन पोरं चमचे घेऊन ढवळायला बसवली. म्हणजे आता p = ०. टाकी १ मध्ये परत येणारं फिकं पाणी थांबलं, ती ६ कडे चढायला लागली, हे सगळ्यांनी ओळखलं. टाकी २ चं काय होणार? बहुतेकांनी सांगितलं की तीही वाढणार, कारण वरून जास्त खारं येतंय.

ती आधी उतरली. ११-१२ मिनिटांनी ३.८ पर्यंत, आणि मग सावकाश परत ४ कडे. वरून येणारं पाणी जास्त खारं होत चाललं होतं पण आधी मिनिटाला ०.४ लिटर यायचं ते आता ०.२ च, म्हणून लाइट गेल्या क्षणी आवक २ ग्रॅमवरून १ ग्रॅमवर आली, पंपाने उचलून नेणं थांबलं तरी ओव्हरफ्लोतून १.२ जातच होतं. तूट मिनिटाला ०.२ ग्रॅम. टाकी १ सहाच्या जवळ गेली तसं ०.२ × ६ परत १.२ झालं आणि तूट भरली. गणिताने सगळ्यात खालचा आकडा ३.७९ येतो, साडेअकराव्या मिनिटाला. लाइट यायच्या आत टाकी १ मध्ये ५.९ आणि टाकी २ मध्ये ३.९ च्या वर होतं.

हे पुढच्या वर्षी मुद्दाम करणार, स्विच बंद करून. p शून्य असताना टाकी १ चा शेवट ६, ०.२ ला ५, ०.५ ला ४.५७, आणि पंप कितीही मोठा लावला तरी ४ च्या खाली नाही. टाकी २ या सगळ्यात ४.

२८ जानेवारी

आवराआवर. पेरिस्टाल्टिक पंपातून साधं पाणी दहा मिनिटं फिरवा आणि नळी रोलरमधून सोडवून ठेवा, दाबलेली राहिली तर चपटी होते आणि पुढच्या वेळी धार कमी पडते. पितळी जोड वापरू नका, आमचा एक हिरवा पडला. पेनची टोकं साध्या पाण्यात धुऊन पुसा. उरलेलं खारं पाणी मोरीत, झाडांना नाही, मामांनी एक बादली जास्वंदीला घालायला उचलली होती ती वेळेत थांबवली.

परत करणाऱ्यांनी मोठ्या टाक्या घेऊच नका. २ आणि ४ लिटरच्या बरण्या, दोन पेरिस्टाल्टिक पंप, बूच लावलेले तीन जार, एअर पंप, टीडीएस पेन, एक किलो मीठ. दोन हजारांच्या आत बसायला हवं, जार उसने मिळाले तर.